माऊसखाली कोण आहे?

पडद्यावर आगीचा राक्षस गर्जत असतो, तलवारी चमकत असतात, कोणीतरी विजा पाडत असतो. आणि हीलर यातलं काहीच बघत नसतो. त्याचे डोळे पडद्याच्या एका बाजूला मांडलेल्या छोट्या हिरव्या पट्ट्यांवर खिळलेले असतात. एक पट्टी म्हणजे संघातला एक खेळाडू. पट्टी जेवढी भरलेली, तेवढा जीव शिल्लक. ती घसरली की हीलरने मंत्र टाकायचा आणि ती वर आणायची. पंगतीत वाढणाऱ्याला जशी माणसं दिसत नाहीत, रिकामी होणारी पानं दिसतात, तसं हे काम.

हा खेळ म्हणजे ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. ब्लिझार्ड कंपनीने तो नोव्हेंबर २००४ मध्ये आणला, आणि त्या जुन्या रूपाची आठवण काढणाऱ्यांसाठी २०१९ च्या ऑगस्टमध्ये ‘क्लासिक’ नावाने तेच रूप पुन्हा सुरू केलं. पुढचं सगळं या क्लासिकबद्दल आहे, कारण हीलरची अडचण तिथे सर्वांत उघडी दिसते. मोठ्या मोहिमेला रेड म्हणतात. तिच्यात चाळीस माणसं असतात, पाच-पाचांचे आठ गट. राक्षसासमोर उभा राहून मार खाणारा तो टँक, मारणारे बाकीचे बहुतेक, आणि सगळ्यांना जिवंत ठेवणारे थोडे हीलर. भारतात या खेळाचे सर्व्हर नाहीत, त्यामुळे इथली मंडळी बाहेरच्या सर्व्हरवर खेळतात. मध्य युरोपातली रेड त्यांच्या घड्याळात रात्री आठला सुरू झाली, की हिवाळ्यात आपल्याकडे साडेबारा वाजलेले असतात. अशा वेळी आईवडील दार उघडून आत डोकावले, तर त्यांना एक मुलगा चाळीस पट्ट्यांवरून माऊसचा बाण फिरवताना आणि डाव्या हाताने काहीतरी बडवताना दिसतो. तो नेमकं काय करतो, ते इथे सांगायचं आहे.

खेळाची मूळ रीत अशी: आधी माणूस निवडा, मग मंत्र टाका. पट्टीवर क्लिक केलं की तो खेळाडू तुमचं ‘टार्गेट’ होतो, आणि त्यानंतर दाबलेली कळ त्याच्यावर चालते. पाच जणांच्या गटात F1 दाबलं की आपण स्वतः आणि F2 ते F5 ला बाकीचे चौघं, अशीही सोय पहिल्यापासून आहे. चाळीस जणांत ती पुरत नाही. आणि क्लिकचा खरा तोटा वेळेचा नाहीच. क्लिकला किती वेळ लागतो? तोटा असा की प्रत्येक क्लिकने आधीचं टार्गेट सुटतं. हीलरला टँकवर नजर ठेवायची असते, किंवा राक्षस कोणता मंत्र म्हणायला लागला आहे ते बघायचं असतं. कोपऱ्यातल्या एका जादूगाराला वाचवायला त्याच्यावर क्लिक केलं, की ती नजर तुटली. मग परत टँकवर क्लिक. पुन्हा दुसरा कोणी पडायला आला, पुन्हा क्लिक. रेडभर हेच.

माऊसओव्हर मॅक्रो ही दोन कामं वेगळी करतो. टार्गेट जिथे आहे तिथेच राहतं. माऊसचा बाण ज्या पट्टीवर नुसता टेकलेला आहे, तिच्यावर मंत्र जातो. क्लिक करायचंच नाही.

पण याचा अर्थ उजवा हात पूर्णपणे पट्ट्यांवर अडकला. त्यामुळे मंत्र टाकण्याचं आणि चालण्याचंही सगळं ओझं डाव्या हातावर येतं. म्हणून मॅक्रोच्या आधी कीबाइंड, म्हणजे कोणत्या कळीला कोणता मंत्र हे ठरवणं. नवशिके हे उलट्या क्रमाने करतात. सुंदर मॅक्रो लिहितात आणि तो १२ कळींच्या पट्टीवर शेवटच्या जागी, बरोबरच्या चिन्हाच्या कळीवर टाकतात. तिथे डावा हात पोचेपर्यंत माणूस मेलेला असतो.

सुरुवातीला खेळ W ने पुढे, S ने मागे, A आणि D ने जागच्या जागी वळणं, आणि Q आणि E ने बाजूला सरकणं अशी मांडणी देतो. यातलं कळीने वळणं हे जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण उजवं बटण दाबून माऊसने वळणं फार जलद होतं. म्हणून पहिलं काम: कळींच्या सेटिंगमध्ये जाऊन A आणि D ला बाजूला सरकायला लावायचं. त्याने दोन गोष्टी साधतात. Q आणि E या दोन मोक्याच्या कळी मंत्रांसाठी मोकळ्या होतात. आणि बाजूला सरकताना माऊसची गरज लागत नाही, म्हणजे बाण पट्टीवर ठेवून पायाखालच्या आगीतून बाहेर येता येतं. उजवं बटण दाबून कॅमेरा फिरवत असताना बाण पट्टीवर नेता येत नाही, तेवढा वेळ माऊसओव्हर बंद, हे हीलरने कायम लक्षात ठेवायचं. R, F, Z, X, C, V या कळींवरही खेळाने निरोपाला उत्तर देणं, खाली बसणं, तलवार म्यानात घालणं, पात्राची माहिती उघडणं असली कामं ठेवलेली असतात. ती खुशाल दुसरीकडे हलवावीत. लढाईच्या मध्यात खाली बसायची गरज कोणाला पडत नाही.

आता कोणता मंत्र कुठे? बहुतेक जण ‘जास्त लागणारा जवळ’ असा हिशेब करतात. तो चुकीचा नाही, पण त्याहून महत्त्वाचा हिशेब बोटांचा आहे. क्लासिकमधल्या पुरोहिताचे, म्हणजे प्रीस्टचे, मंत्र दोन जातींचे. फ्लॅश हीलला दीड सेकंद लागतो, ग्रेटर हीलला मुळात तीन. एवढा वेळ एका जागी उभं राहावं लागतं, पाऊल हललं की मंत्र तुटला. दुसऱ्या जातीचे मंत्र तत्काळ लागतात: रिन्यू, जो पंधरा सेकंद थोडाथोडा जीव भरत राहतो, पॉवर वर्ड शील्ड, म्हणजे ढाल, आणि डिस्पेल मॅजिक, जो अंगावरची वाईट जादू काढतो. हे पळतापळता टाकता येतात.

मग मांडणी आपोआप ठरते. उभं राहून टाकायचा मंत्र चालवताना W वरचं मधलं बोट रिकामंच असतं, म्हणून फ्लॅश हील आणि ग्रेटर हील त्या बोटाच्या वर, 2 आणि 3 या कळींवर. तत्काळ मंत्र मात्र चालतानाही दाबता आले पाहिजेत. W दाबलेला असताना तर्जनी मोकळी असते, म्हणून रिन्यू E वर. पण D ने उजवीकडे सरकत असलो तर तर्जनीही अडकते. म्हणून ज्यांना उशीर चालत नाही असे दोन, ढाल आणि डिस्पेल, माऊसच्या अंगठ्याजवळच्या दोन बटणांवर. उजव्या हाताचा अंगठा एरवी काहीच करत नसतो.

एक खड्डा इथेच आहे. शिफ्टबरोबर 2 दाबलं की कमी ताकदीचा, कमी खर्चाचा फ्लॅश हील जावा, अशी कल्पना सुचते आणि ती चांगली आहे. पण खेळाच्या मूळ मांडणीत शिफ्ट आणि 1 ते 6 या जोड्या पट्टीचं ‘पान’ बदलतात. तुम्ही शिफ्टबरोबर 2 दाबता, हील जात नाही, आणि त्यानंतरच्या सगळ्या कळी भलतंच काही करू लागतात किंवा काहीच करत नाहीत. भर लढाईत असं झालं तर मॅक्रो बिघडला असं वाटतं. खूण सोपी आहे: मुख्य पट्टीशेजारचा छोटा आकडा बघा. तो १ च्या जागी २ झालेला असतो. त्या जोड्या आधी मोकळ्या करून मग स्वतःच्या वापराला घ्याव्यात.

आता मॅक्रो. चॅटच्या ओळीत `/macro` टाइप केलं की एक खिडकी उघडते. नवा मॅक्रो, नाव द्यायचं, चिन्हांतलं लाल प्रश्नचिन्ह निवडायचं, आणि खालच्या चौकटीत जास्तीत जास्त २५५ अक्षरांत लिहायचं:

```
#showtooltip
/cast [@mouseover,help,nodead][help,nodead][@player] Flash Heal
```

मग ते चिन्ह ओढून पट्टीवर 2 च्या जागी ठेवायचं. पहिली ओळ फक्त दिखाव्याची: प्रश्नचिन्हाच्या जागी मंत्राचं खरं चित्र आणि माहिती दाखवते. सगळा खेळ दुसऱ्या ओळीचा.

ती डावीकडून उजवीकडे वाचली जाते, आणि जो कंस पहिल्यांदा खरा ठरेल तिथेच थांबते. कंसातल्या स्वल्पविरामाचा अर्थ ‘आणि’. शेजारीशेजारी ठेवलेल्या कंसांमधला अर्थ ‘नाहीतर’. म्हणजे ही ओळ अशी बोलते: बाणाखाली कोणी आहे का, तो मदत करण्याजोगा आहे का, आणि जिवंत आहे का? असेल तर फ्लॅश हील त्याच्यावर. नाहीतर माझं टार्गेट मित्र आणि जिवंत आहे का? असेल तर त्याच्यावर. तेही नाही, तर माझ्यावर.

यातला प्रत्येक शब्द एखाद्या जुन्या चुकीची दुरुस्ती आहे. `help` काढून बघा: बाण चुकून शत्रूवर असताना कळ दाबली, तर मॅक्रो पहिल्याच कंसात अडकतो, शत्रूवर हील टाकायला जातो आणि खेळ नकार देतो. पुढच्या कंसांपर्यंत गोष्ट जातच नाही. `nodead` काढा: मेलेल्या मित्राच्या पट्टीवर बाण राहिला, की त्याच नकाराची पुनरावृत्ती, आणि रेडमध्ये मेलेल्या मित्रांची वाण नसते. शेवटचा `[@player]` काढला तर तिसरी गंमत. उरलेल्या दोन्ही शक्यता संपल्या की ओळ गप्प बसते, कळ दाबूनही काहीच घडत नाही. हे कधीकधी आपल्याला हवंच असतं. त्याकडे पुढे येऊ.

टार्गेट म्हणून राक्षसच ठेवायची सवय असलेल्यांसाठी आणखी एक कंस मधे घालता येतो, `[@targettarget,help,nodead]`. अर्थ: माझ्या टार्गेटचं जे टार्गेट आहे तो. राक्षस ज्याला मारतोय तो, म्हणजे बहुतेक वेळा टँक. बाण कुठेच नसेल तेव्हा हील आपोआप टँकला जातो आणि डोळ्यांसमोर राक्षस राहतो. बहुतेक वेळा, असं म्हटलं, कारण काही राक्षस मंत्र टाकताना क्षणभर दुसऱ्याच कोणाकडे तोंड वळवतात. त्या क्षणी कळ दाबली तर हील त्या दुसऱ्याला.

मॅक्रोने माणूस कधी ठरवला, हा प्रश्न नवशिक्यांना फार छळतो. उत्तर: कळ लागू होते त्या क्षणी. मंत्र पूर्ण होतो तेव्हा नाही. म्हणून फ्लॅश हीलचा दीड सेकंद चालू असतानाच बाण पुढच्या पट्टीवर न्यायचा असतो. चालू मंत्र पहिल्याच माणसाला जाणार. माऊसओव्हरची निम्मी कमाई इथे आहे. मंत्र चालू असतानाचा रिकामा वेळ पुढचा माणूस शोधण्यात जातो. नेटचा वेग कमी असला तरी यात फरक पडत नाही, कारण बाणाखाली कोण आहे हे तुमचाच संगणक ठरवतो आणि मंत्राबरोबर नाव पाठवतो. हील उशिरा पोचेल, चुकीच्या माणसाला नाही पोचणार.

पण ‘कळ लागू होते’ म्हणजे नेमकं कधी? खेळात एक सेटिंग आहे: कळ खाली जाताना मंत्र सुटावा की वर येताना. ते वर येतानावर असेल, तर कळ दाबणं आणि सोडणं यांच्यातल्या त्या पावशेर क्षणात चपळ हात बाण पुढच्या पट्टीवर घेऊन गेलेला असतो. मग हील शेजाऱ्याला. असा दोष सावकाश खेळताना दिसत नाही, घाईत दिसतो, म्हणून माणूस स्वतःच्या हाताला दोष देत राहतो. नेहमी पुढच्याच पट्टीला हील जात असेल तर हाताआधी ते सेटिंग तपासावं.

दुसरा नेहमीचा घोळ: बाणाखाली म्हणजे फक्त पट्टी नव्हे. लढाईच्या मैदानातलं चालतंबोलतं पात्रही बाणाखाली आलं तर तेही मोजलं जातं. बाण पट्ट्यांवरून जरा घसरून मैदानात आला, आणि नेमका त्याखालून एक शिकाऱ्याचा पाळीव अस्वल गेला, तर फ्लॅश हील अस्वलाला. अस्वल मित्रच आहे, जिवंतही आहे. मॅक्रोच्या दृष्टीने सगळं रीतसर. यावर उपाय म्हणजे पट्ट्या अशा जागी ठेवायच्या की बाणाला भरकटायला जागा राहणार नाही: पडद्याच्या मध्याखाली, आणि चांगल्या रुंद. किंवा ‘क्लिक’ नावाचं ॲडऑन घ्यायचं, जे पट्टीवर बाण असेल तेव्हाच कळी वेगळ्या वागवतं आणि मैदानाकडे दुर्लक्ष करतं. काही लोक त्यावरच खेळतात आणि मॅक्रोला हात लावत नाहीत. मला मॅक्रो बरा वाटतो, कारण तो उघडून वाचता येतो.

लिहिण्यातल्या चुका ओळखायला सोप्या आहेत, फक्त दोन प्रकार वेगळे ठेवायचे. अटीचा शब्द चुकला, समजा `help` चं `halp` झालं, तर चॅटमध्ये ‘Unknown macro option’ असं लाल अक्षरांत किंवा पिवळ्या ओळीत लगेच सांगितलं जातं. मंत्राचं नाव चुकलं तर मात्र कोणी काही बोलत नाही, कळ मुकी होते. नाव खेळाच्या ज्या भाषेची प्रत तुम्ही घेतली त्याच भाषेत हवं. जर्मन प्रतीत जर्मन नाव. क्लासिकमध्ये पातळीही लिहिता येते, `Flash Heal(Rank 4)` अशी, आणि लिहिली नाही तर तुम्हाला येणारी सर्वांत वरची पातळी जाते. नवा मॅक्रो शहरात, शांतपणे, चार वेळा तपासावा: बाण स्वतःच्या पट्टीवर, बाण एखाद्या दुसऱ्या मित्रावर, बाण रिकाम्या जागी पण टार्गेट मित्र, आणि बाण व टार्गेट दोन्ही रिकामे. प्रत्येक वेळी लढाईच्या नोंदीत कोणाचं नाव आलं ते वाचावं. चमकणाऱ्या हातांवर विश्वास ठेवू नये, ते चारही वेळा सारखेच चमकतात.

आता एक खरी लढाई बघू. मोल्टन कोर ही क्लासिकमधली पहिली चाळीस जणांची मोठी रेड. तिच्यातला पहिला राक्षस लुसिफ्रॉन. तो जवळच्या लोकांवर ‘इम्पेंडिंग डूम’ नावाची जादू टाकतो: दहा सेकंद काहीच होत नाही, आणि मग प्रत्येकाला २,००० चा फटका. कपड्याचं चिलखत घालणाऱ्या जादूगाराला हा फटका आडवा पाडतो, निदान अर्ध्यावर तरी आणतो. ही जादू प्रीस्टला डिस्पेल मॅजिकने काढता येते. डिस्पेल तत्काळ लागतो, पण दोन मंत्रांमध्ये दीड सेकंदाचा सक्तीचा विराम आहे. हिशेब करा: पहिला शून्याव्या सेकंदाला, मग दीड, तीन, साडेचार, सहा, साडेसात, नऊ. म्हणजे एका प्रीस्टला दहा सेकंदांत जास्तीत जास्त सात जण सोडवता येतात, आणि तेही जादू पडताक्षणी पहिला टाकला आणि एकदाही अडखळला नाही तर. माणसाला बघून उमजायला वेळ लागतो, म्हणून सहा धरा. क्लिक करून करणाऱ्याचे पाच होतात. यावरून दिसतं की मॅक्रोने आकाशपाताळ एक होत नाही. एक माणूस जास्त वाचतो. दोन-तीन प्रीस्ट असले की दोन-तीन माणसं.

पण लुसिफ्रॉनपाशी एक वेगळी पंचाईत आहे, जिच्यावर तुमचा हीलचा मॅक्रो डिस्पेलला जसाच्या तसा चिकटवला तर तो तोंडघशी पडतो. लुसिफ्रॉनबरोबर दोन पहारेकरी असतात आणि ते ‘डॉमिनेट माइंड’ टाकतात. ज्याच्यावर पडलं तो खेळाडू पंधरा सेकंद राक्षसाचा गुलाम होतो आणि आपल्याच लोकांना मारायला लागतो. हीसुद्धा जादूच, म्हणजे डिस्पेलने सुटणारी. प्रीस्ट त्याच्या पट्टीवर बाण नेतो, बटण दाबतो, आणि त्याला काहीच होत नाही. पुन्हा दाबतो. तरी नाही.

कारण मन गेलेला मित्र त्या पंधरा सेकंदांपुरता मित्र उरलेला नाही. पट्टी संघातच दिसते, नाव तेच, पण खेळाच्या लेखी तो शत्रू. `help` ही अट खोटी ठरते. पहिला कंस सुटतो, दुसऱ्यात टँक सापडतो, आणि डिस्पेल टँकवर जातो, ज्याच्या अंगावर काढण्यासारखं काही नाही. खेळ पडद्यावर ‘काढण्यासारखं काही नाही’ अशा अर्थाची ओळ दाखवतो, आणि प्रीस्ट ती मन गेलेल्या माणसाबद्दल आहे असं समजून चिडतो. ही ओळ दिसली की समजावं, मंत्र भलत्याच माणसाकडे गेला आहे.

डिस्पेलचा मॅक्रो म्हणून असा हवा:

```
#showtooltip
/stopcasting [@mouseover,exists,nodead]
/cast [@mouseover,exists,nodead] Dispel Magic
```

`exists` म्हणजे बाणाखाली कोणीतरी आहे एवढंच. मित्र की शत्रू विचारू नको. क्लासिकमधला डिस्पेल मॅजिक दोघांवरही चालतो, म्हणून हे जमतं. (पॅलाडिनचा क्लेन्झ फक्त मित्रांवर चालतो, त्याला या अटीने काही फायदा नाही.) `/stopcasting` ची ओळ अशासाठी की तुम्ही ग्रेटर हीलच्या मध्यात असलात तरी तो सोडून डिस्पेल घ्यायचा. अर्धवट सोडलेल्या मंत्राचा माना, म्हणजे मंत्रशक्तीचा साठा, खर्च होत नाही, कारण क्लासिकमध्ये माना मंत्र पुरा झाल्यावर कापला जातो. धोका एवढाच की हील पुरा व्हायला पापणी लवण्याएवढा वेळ उरलेला असताना हे बटण दाबलं तर तो हील गेला. आणि दुसरा कंस इथे मुद्दाम नाही. टार्गेट राक्षस असेल आणि बाण घसरला असेल, तर डिस्पेल राक्षसावर जाईल आणि दीड सेकंद फुकट. त्यापेक्षा बटणाने काहीच न केलेलं बरं, लगेच पुन्हा दाबता येतं.

कोणाला वाटेल, एवढं सगळं ओळीत लिहिता येतं, तर ‘ज्याच्या अंगावर जादू आहे त्याला शोध आणि काढ’ हेच का लिहू नये? एकेकाळी ते होत असे. ‘डिकर्सिव्ह’ नावाचं एक ॲडऑन २००५-०६ च्या रेडांमध्ये जवळजवळ सक्तीचं झालं होतं. एकच कळ बडवत राहायची. कोणावर शाप आहे हे ॲडऑन शोधायचं, टार्गेट बदलायचं आणि मंत्र टाकायचं. लुसिफ्रॉनची सगळी लढाई एका कळीत आटोपत असे, आणि डोळे मिटूनही चालत असे. डिसेंबर २००६ च्या मोठ्या बदलात ब्लिझार्डने ते दार बंद केलं. ॲडऑनला लढाईत स्वतःहून टार्गेट निवडायची आणि मंत्र ठरवायची मुभा संपली. त्याच वेळी, त्याच्या बदल्यात म्हणा, कंसातल्या या अटी मॅक्रोला मिळाल्या.

त्या अटींची यादी बघितली की बंदी कुठे घातली ते लख्ख दिसतं. मित्र आहे का, मेला आहे का, शिफ्ट दाबली आहे का, मी लढाईत आहे का, हे विचारता येतं. जीव किती उरला, अंगावर शाप आहे का, माना किती आहे, तो हाकेच्या अंतरात आहे का, हे विचारता येत नाही. ‘सर्वांत कमी जीव असलेल्याला शोध’ असं म्हणणारा मॅक्रो या खेळात लिहिताच येत नाही, कितीही हुशारी केली तरी. सक्तीच्या विरामातले दोन मंत्रही एका दाबाने जात नाहीत. दुसरा पुढच्या दाबाची वाट बघतो. चाळीस पट्ट्यांतली कोणती आधी, हे माणसानेच बघायचं. आणि हे निर्णय बाहेरच्या माऊसच्या सॉफ्टवेअरमध्ये कोंबून एका दाबात अनेक कृती करायच्या म्हटल्या, तर ते नियमबाह्य आहे, खातं जाऊ शकतं.

राहता राहिला वाद शेवटच्या कंसांचा. बाणाखाली कोणी नसेल तर मंत्र टार्गेटला किंवा स्वतःला जावा की जाऊच नये? जुन्या हीलरांमध्ये यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, कळ दाबली म्हणजे काहीतरी वाचलंच पाहिजे. दुसरा म्हणतो, चुकलेला हील न गेलेल्या हीलपेक्षा महाग, कारण त्याने माना आणि दीड सेकंद दोन्ही खाल्ले. माझं मत मंत्रागणिक बदलतं. फ्लॅश हील आणि रिन्यू पुन्हा लगेच टाकता येतात, त्यांना पडती बाजू असू द्यावी. पॉवर इन्फ्यूजन एकदा दिला की तीन मिनिटं मिळत नाही. तो ठरलेल्या जादूगाराऐवजी स्वतःवर पडला तर जादूगार चॅटमध्ये जे लिहितो ते इथे छापता येणार नाही. त्याला एकच कंस. पॅलाडिनचा ‘ले ऑन हँड्स’ तर क्लासिकमध्ये तासातून एकदा मिळतो, समोरच्याचा प्रचंड जीव भरतो आणि पॅलाडिनचा सगळा माना घेऊन जातो. टँक शेवटच्या घटका मोजत असताना बाण दोन पिक्सेल बाहेर असला, आणि ओळीच्या शेवटी `[@player]` असला, तर पूर्ण निरोगी पॅलाडिन स्वतःलाच वाचवतो, रिकाम्या मानाने उभा राहतो आणि टँक पडतो. त्याची ओळ अशी असावी आणि त्यात पुढे काहीही जोडू नये:

```
/cast [@mouseover,help,nodead] Lay on Hands
```

खेळाच्या आजच्या मुख्य आवृत्तीत, २०२२ च्या ‘ड्रॅगनफ्लाइट’पासून, माऊसओव्हरची सोय सेटिंगमध्येच एका खुणेवर मिळते आणि नवे हीलर ती लावून मोकळे होतात. बहुतेक मंत्रांना ती पुरेशी आहे. पण त्या खुणेत कंस लिहिता येत नाहीत: राक्षसाच्या टार्गेटला हील, मन गेलेल्या मित्रासाठी `exists`, किंवा एखाद्या मंत्राची पडती बाजू कापून टाकणं, यांतलं काही हवं असेल, तर `/macro` टाइप करून ती २५५ अक्षरांची चौकट अजूनही उघडावी लागते.